४० सेकंदांत एकच गैरसमज: ‘दात साफ केले की सैल होतात’

*प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या एका डेंटिस्ट मॅडमसाठी मी रील शूट करतो. त्यांना ‘समज आणि सत्य’ असा ४० सेकंदांचा व्हिडिओ हवा आहे. त्यांनी पाच गैरसमज लिहून दिलेत: दात साफ केले की सैल होतात, वरचा दात काढला की नजर अधू होते, दुधाच्या दातांवर खर्च कशाला, हिरडीतून रक्त आलं की तिथे ब्रश करू नये, आणि लवंग ठेवली की कीड जाते. दोनदा शूट केलं, दोन्ही वेळा सव्वा मिनिट झालं आणि तरी घाईत उरकल्यासारखं वाटलं. पाचही कसे बसवू?*

पाचही बसवू नका. एक घ्या, बाकीच्या चारांचे चार वेगळे व्हिडिओ करा. मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, दवाखाना सांभाळून काही वर्षं असे छोटे व्हिडिओ लिहिते आहे, आणि सुरुवातीला मीही चार-चार मुद्दे कोंबायचे. ते का जमत नाही हे साध्या हिशोबाने कळतं.

खुर्चीत बसलेल्या पेशंटशी मी ज्या वेगाने बोलते, त्या वेगाने मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे ४० सेकंदांत ८० शब्द. ते पाच गैरसमजांत वाटले तर एकाच्या वाट्याला १६ येतात. १६ शब्दांत ‘हे खोटं आहे’ एवढं म्हणता येतं. का खोटं आहे ते सांगायला जागा उरत नाही, आणि जिने हे सासूकडून, शेजारणीकडून वीस वर्षं ऐकलंय ती नुसत्या ‘खोटं आहे’वर ते सोडत नाही. हे माझ्या बोलण्याचं माप झालं. तुमच्या मॅडमचं वेगळं असू शकतं. त्यांना कुठलाही मजकूर नेहमीच्या आवाजात एक मिनिट वाचायला सांगा आणि शब्द मोजा. स्क्रिप्ट त्या आकड्यावर लिहायची, नंतर कापाकापी करायची नाही.

आता पाचांतला कुठला? मी दोन गोष्टी बघते. त्या गैरसमजामुळे माणूस दवाखान्यात यायचं टाळतो का, आणि त्याची दुरुस्ती ‘पण तुमच्या बाबतीत वेगळं असू शकतं’ असं न म्हणता सांगता येते का. नजरेचा गैरसमज सोपा आहे. वरच्या दातांची नस वेगळी आणि नजरेची नस वेगळी, झालं. लवंगेचं अर्धं खरं आहे, तिच्या तेलाने ठणका तात्पुरता कमी होतो, कीड मात्र तशीच राहते. त्यामुळे तिथे आधी ‘बरोबर आहे’ म्हणावं लागतं आणि स्क्रिप्टची मांडणीच बदलते. मी तुमच्या जागी असते तर दात साफ करण्याचा घेतला असता. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त माणसं याच समजापायी उशिरा येतात, आणि या एका उदाहरणावर स्क्रिप्ट कशी बांधायची ते नीट दाखवता येतं.

बहुतेक डॉक्टर पहिल्या झटक्यात असं लिहितात:

“नमस्कार, मी डॉक्टर अमुक. अनेक लोकांमध्ये असा गैरसमज आहे की स्केलिंग केल्यामुळे दात सैल होतात. परंतु हे पूर्णतः चुकीचे आहे. स्केलिंग ही एक सुरक्षित प्रक्रिया असून दर सहा महिन्यांनी करणे आवश्यक आहे.”

मोजून बघा, ३२ शब्द झाले. म्हणजे १६ सेकंद गेले आणि बघणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. शिवाय शेवटचं वाक्य सरसकट खरंही नाही. कुणाला तीन महिन्यांनी बोलवावं लागतं, कुणाला वर्षाने चालतं. ते त्याच्या हिरड्यांवर आणि तो ब्रश कसा करतो यावर ठरतं.

पण याहून मोठी चूक वेगळीच आहे. ‘पूर्णतः चुकीचे आहे’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, डॉक्टर मला खोटं ठरवतायत. त्याने तर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्या वडिलांनी दात साफ करून घेतले आणि आठवडाभरात ‘पुढचा दात हलतोय रे’ म्हणाले. त्याचं निरीक्षण खरं आहे, त्यावरून काढलेलं कारण चुकलंय. म्हणून तुमच्या ८० शब्दांतले निम्मे तरी एका प्रश्नाच्या उत्तराला द्या: मग त्यांना तसं का वाटलं?

ते उत्तर तुम्हालाही नीट समजलेलं असावं, म्हणून सांगते. दातांवर जमणारा चिकट थर ब्रशने निघाला नाही, की लाळेतल्या कॅल्शियममुळे तो दगडासारखा कडक होतो. त्याला आपण किटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं, कारण जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर जंतू ठाण मांडतात, हिरडी सुजते, आणि दुर्लक्ष झालं तर काही वर्षांत दाताला धरून ठेवणारं हाड खाली खाली जातं. दात तेव्हाच सैल व्हायला लागलेला असतो. पण दोन-तीन दातांवर मिळून किटणाची सलग पट्टी झालेली असते आणि ती त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. डॉक्टर ती पट्टी काढतात, आणि हाड गेल्यामुळे आलेला सैलपणा त्या दिवशी पहिल्यांदा जिभेला जाणवतो. हाड मात्र कितीतरी आधीच गेलेलं असतं.

इतकं सगळं ४० सेकंदांत मावणार नाही, मावायची गरजही नाही. त्यातून एकच गोष्ट न्यायची आहे: सैल आधी झालेला, कळलं नंतर. त्यावर लिहिलेली माझी स्क्रिप्ट ही अशी:

० ते ६ सेकंद: “दवाखान्यात दात साफ केल्याने ते सैल होत नाहीत. मग नंतर का हलतात?”

६ ते १६: “खालच्या पुढच्या दातांमागे जीभ लावून बघा. खडबडीत लागतंय? ते किटण. त्यावरच्या जंतूंनी हिरडी सुजते आणि दाताला धरणारं हाड हळूहळू झिजतं.”

१६ ते २६: “असा दात आधीच सैल झालेला असतो. किटणाने त्याला शेजारच्या दाताशी जखडून ठेवलेलं असतं. किटण निघालं की ते उघड होतं.”

२६ ते ३५: “साफ केल्यावर काही दिवस गार पाणी झोंबतं, फटी दिसतात. घाबरू नका. सूज उतरली, किटण गेलं, म्हणून तसं होतं.”

३५ ते ४०: “ब्रश करताना रक्त येतं? दात हलायची वाट बघू नका, आधीच दाखवा.”

बरोबर ८० शब्द आहेत. प्रत्यक्ष बोलताना ४२ सेकंद झाले, कारण ‘खडबडीत लागतंय?’ नंतर मी थांबले होते. तो थांबा राहू द्या. बघणारा तिथे खरोखर जीभ लावून बघतो, आणि स्वतःच्या तोंडात ते किटण सापडलं की पुढचं तो स्वतःबद्दल ऐकायला लागतो. मी ‘घाबरू नका’ काढलं आणि शेवटच्या वाक्यांतला श्वास जरा कमी केला, मग बसलं.

एकेका जागेबद्दल थोडं सांगते. सुरुवातीला ‘दवाखान्यात’ हा शब्द मुद्दाम आहे. पेशंटच्या तोंडी ‘स्केलिंग’ नसतं, ते ‘क्लीनिंग’ किंवा ‘दात साफ करून घेतले’ म्हणतात. पण नुसतं ‘दात साफ केल्याने’ म्हटलं तर अर्ध्या लोकांना ते सकाळचं ब्रश करणं वाटतं. एका शब्दाने तो घोळ टळतो. नमस्कार आणि नाव बोलण्यात घेऊ नका, ते स्क्रीनवर लिहा.

‘त्यावरच्या जंतूंनी’ हे दोन शब्द माझ्या पहिल्या खर्ड्यात नव्हते. तिथे किटणामुळेच हाड झिजतं असं होतं. तुमच्या मॅडम स्क्रिप्ट तपासताना असे शब्द घालायला सांगतील, आणि सांगायलाच हवेत, कारण त्याने अर्थ बरोबर होतो आणि खर्च फक्त दोन शब्दांचा आहे. पण त्या ‘हिरड्यांचा दाह’, ‘दंतवेष्टनाचा विकार’ असं काही घालायला लागल्या तर प्रेमाने अडवा. त्याने अचूकता वाढत नाही, फक्त वेळ जातो आणि समोरचा माणूस तुटतो. हिरडी सुजते, दात हलतो, गार झोंबतं, हे शब्द पेशंट स्वतः वापरतो. त्याच शब्दांत बोला.

२६ ते ३५ हा तुकडा काढून टाकावासा वाटेल, कारण त्यात समज नाही की सत्यही नाही. पण तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. किटण निघाल्यावर आणि हिरडीची सूज उतरल्यावर दाताच्या मुळाकडचा भाग उघडा पडतो, गार लागतं, दोन दातांमध्ये काळी फट दिसते. हे आधी सांगितलं नाही तर व्हिडिओ बघून आलेला माणूस चार दिवसांनी म्हणणार, ‘बघा, मी म्हणत होतो ना.’ गैरसमज पुन्हा जन्माला येतो तो इथेच.

आणि एक शब्द कटाक्षाने टाळा: ‘कधीच’. ‘साफ केल्याने दात कधीच हलत नाहीत’ असं म्हणू नका. हाड खूपच गेलेलं असेल तर किटणाचा आधार निघाल्यावर दात सुरुवातीला आधीपेक्षा जास्त हलू शकतो. सूज उतरून हिरडी घट्ट झाली की पुष्कळदा तो सावरतो, पण सगळ्यांचा सावरेल असं नाही. स्क्रिप्टमध्ये ‘ते उघड होतं’ म्हटलंय ते म्हणूनच. त्या माणसाचा अनुभव त्यात बसतो आणि आपण काही खोटंही बोलत नाही.

आता चित्र. १६ ते २६ या दहा सेकंदांत मॅडमचा चेहरा दाखवू नका, हात दाखवा. मी वापरते तो प्रयोग घरच्या सामानात होतो. काचेचा एक छोटा ग्लास घ्या, त्यात ओली वाळू दाबून भरा. आइस्क्रीमच्या दोन काड्या शेजारी शेजारी निम्म्यापर्यंत रोवा आणि वर दोन्हींच्या मध्ये घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबून बसवा. काड्या म्हणजे दात, वाळू म्हणजे हाड, कणीक म्हणजे किटण. आता चमच्याने काड्यांभोवतीची वाळू बरीचशी उकरून काढा, तळाशी बोटभर राहू द्या. काड्या तरी उभ्याच राहतात. मग कणीक ओढून काढा, की दोन्ही आपापल्या बाजूला कलतात. बघणाऱ्याला दिसतं की कणीक काढली म्हणून वाळू गेली नाही, ती आधीच गेली होती.

शूट करताना वाळू उकरण्याचा भाग ‘आधीच सैल झालेला असतो’ या शब्दांवर आला पाहिजे आणि कणीक ओढणं ‘किटण निघालं’ यावर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कणीक सैल होती, काड्या वाळू उकरतानाच पडल्या, आणि दाखवायचं होतं त्याच्या उलटं दिसलं. कणीक पुरीसारखी घट्ट हवी आणि पाचेक मिनिटं उघडी ठेवून वरून जराशी कोरडी झालेली हवी. काच यासाठी की वाळूची पातळी बाहेरून दिसते, स्टीलच्या वाटीत दिसत नाही. फोन ग्लासच्या समोर, त्याच उंचीवर ठेवा, मागे गडद कापड.

पेशंटच्या तोंडाचे आधी-नंतरचे फोटो वापरायचा मोह होईल. वापरायचेच तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्या आणि चेहरा ओळखू येणार नाही असं बघा. मला मात्र या विषयाला ते फोटो चालतात असं वाटत नाही. ‘नंतर’च्या फोटोत फटी ठळक दिसतात, आणि आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला तो गैरसमजाचा पुरावाच वाटतो.

आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात, म्हणून स्क्रीनवरच्या अक्षरांबद्दल नीट सांगते. इथे माझी एक चूक झाली होती. नजरेच्या गैरसमजावर मी व्हिडिओ केला, त्यात पहिल्या चौकटीत मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘वरचा दात काढला की नजर जाते’, आणि कोपऱ्यात फुलीची छोटी खूण. खरं काय ते मी आठव्या सेकंदाला बोलत होते. महिनाभराने एक आजी आल्या. वरची दाढ पार किडलेली, गाल सुजलेला, तरी काढायला तयार नाहीत. म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तुमच्याच व्हिडिओत लिहिलं होतं की. नातवाच्या फोनवर पाहिलं मी.” त्यांनी अक्षरं वाचली होती, आवाज ऐकला नव्हता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या चौकटीत मी खरी गोष्ट लिहिते, गैरसमज लिहीतच नाही. या व्हिडिओसाठी ‘साफ केल्याने दात सैल होत नाहीत’ एवढंच. ‘समज’ अशी पाटी, लाल फुली, धडाम आवाज, यातलं काही नको. मालिकेचं नाव ‘समज आणि सत्य’ ठेवायचं असेल तर खाली बारीक अक्षरात ठेवा. गैरसमज मॅडमच्या तोंडून प्रश्न म्हणून येऊ द्या, ‘मग नंतर का हलतात?’ असा. मधल्या मजकुरात प्रत्येक तुकड्याला दोन-तीन शब्दांची एकच ओळ पुरते: ‘हे किटण’, ‘हाड आधीच झिजलं’, ‘किटणाने जखडलेले दात’. पूर्ण वाक्यांचे सबटायटल हवे असतील तर ते या ओळींच्या ऐवजी घ्या, दोन्ही एकदम नको. उभ्या व्हिडिओत खालचा पट्टा कॅप्शनखाली जातो आणि उजवी कड बटणांखाली, म्हणून अक्षरं मधोमध किंवा जरा वर ठेवा. जोडाक्षरं फुटत नाहीत ना, तेही फोनवरच तपासा. एडिटिंगच्या काही फॉन्टमध्ये ‘किटण’मधली वेलांटी भलतीकडे जाते.

शेवटच्या पाच सेकंदांत दवाखान्याचा पत्ता, सवलत, ‘आजच या’ असलं काही घालू नका. रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात डेंटिस्टांच्या आचारसंहितेत बसत नाही, त्याचा त्रास मॅडमना होईल. आणि ऐकणाऱ्यालाही लगेच वाटतं, हं, म्हणून सांगत होत्या. ‘आधीच दाखवा’ एवढंच म्हणा. तो कुणालाही दाखवेल, चालेल.

टाकायच्या आधी दोन जणांना दाखवा, पण दवाखान्यातल्या कुणाला नको. एकाला आवाज बंद करून पहिले तीन सेकंद दाखवा आणि विचारा, काय कळलं. ‘दात सैल होतात’ असं उत्तर आलं तर पहिली चौकट बदला. दुसऱ्याला पूर्ण दाखवा, आणि लगेच काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी म्हणा, ‘तो दातांचा व्हिडिओ काय होता, जरा सांग बरं.’ तो म्हणाला, ‘दात साफ करून घ्यावेत असं काहीतरी होतं,’ तर कारण पोचलेलं नाही, मधला तुकडा पुन्हा लिहा. माझ्या व्हिडिओला शेजारच्या किराणा दुकानातले काका म्हणाले, “ते किटण सिमेंटसारखं धरून ठेवतं म्हणे, दात आधीच ढिला असतो.” सिमेंट मी म्हटलंच नव्हतं, तो त्यांचा शब्द. तेव्हा मी व्हिडिओ टाकला.

टाकल्यावर खाली एक प्रश्न हमखास येतो: ‘माझे तर साफ केल्यापासून खरंच हलतायत, मग?’ त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवा आणि पिन करा. मी असं लिहिते: “किती हलतोय आणि हाड किती उरलंय हे हिरडीची खोली मोजून आणि एक्स-रे काढून कळतं, इथे लिहून नाही. ज्यांनी साफ केले त्यांनाच आधी दाखवा. तोपर्यंत त्या दाताने कडक काही चावू नका, पण तिथे मऊ ब्रश फिरवणं सोडू नका.” मॅडमना हे एकदा वाचून दाखवा, त्यांना पटलं तर त्यांच्या नावाने टाका.